गॉगल नाही, तर प्रात्यक्षिकही नाही



गेल्या आठवड्यात बारावीच्या काही मुलांना मी रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बसू दिलं नाही, कारण त्यांनी सुरक्षा गॉगल आणला नव्हता. ‘त्याला चष्मा आहेच की, मग आणखी गॉगल कशाला?’ असं एका पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून सगळ्यांनाच लिहितो आहे.

सध्या सॉल्ट अ‍ॅनालिसिस चालू आहे. अमोनियमची परीक्षा अगदी साधी: परीक्षानळीत चिमूटभर सॉल्ट, त्यावर सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण, आणि बर्नरवर ऊब. अमोनिया सुटला की नळीच्या तोंडाशी धरलेला ओला तांबडा लिटमस निळा होतो. पण नळी न हलवता ज्योतीवर धरली, तर तळाशी वाफ कोंडते आणि वरचं द्रावण एकदम बाहेर उसळतं. नळीचं तोंड स्वतःकडे धरू नये हे मुलांना पाठ असतं. ते मग शेजाऱ्याकडे वळतं. म्हणून स्वतःचं काम आटोपून निरीक्षणं लिहिणाऱ्यालाही गॉगल काढू देत नाही. साध्या चष्म्याच्या बाजू उघड्या असतात, शिंतोडा तिथूनच आत जातो.

लोक अ‍ॅसिडला घाबरतात, कॉस्टिक सोड्याला नाही. डोळ्याच्या बाबतीत हे बहुधा उलटं हवं. अ‍ॅसिडमुळे वरची प्रथिनं गोठतात आणि तो थर अ‍ॅसिडला थोडंफार अडवतो. कॉस्टिक सोडा पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करत आत शिरत राहतो. असं झालंच तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं डोळा धुवायचा आणि मग डॉक्टर गाठायचा. व्हिनेगर वगैरे घालून ‘उतारा’ करायला जाऊ नये.

फ्यूम कपाटाची गोष्ट वेगळी. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास लगेच कळतो, त्यामुळे ‘वास आला की बाजूला होऊ’ असं मुलांना वाटतं. वायूचं प्रमाण वाढलं की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं नाही. म्हणून हा वायू कपाटातच वापरायचा, काच खुणेपर्यंत खाली, डोकं बाहेर. सुरुवातीला काचेखालच्या फटीत कागदाची पट्टी धरून पाहतो. ती आत ओढली गेली नाही, तर त्या दिवशी तो प्रयोग रद्द. जवळचा छताचा पंखाही बंद ठेवतो, कारण त्याचा झोत कपाटातला वायू बाहेर खेचतो. उकाड्याची तक्रार घरी येत असेल, ती यामुळेच.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात. चष्म्यावरून बसणारा, चहूबाजूंनी बंद गॉगल घेऊन द्या. उन्हातला चालणार नाही. आणि मुलाला दमा असेल किंवा तो कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल, तर पुढच्या प्रात्यक्षिकाआधी मला चिठ्ठी पाठवा.

आपला,
रसायनशास्त्र शिक्षक