देवाला 'वेडा' म्हणणारं गाणं आपण भक्तिगीत म्हणून का ऐकतो? एका मडक्यावर उभ्या असलेल्या गाण्याची गोष्ट

आषाढी जवळ आली की स्टेटसवर एक गाणं हमखास दिसतं. 'फिरत्या चाकावरती'. मागे वारीचा व्हिडिओ, टाळ-मृदंग, दिंडी आणि सुधीर फडक्यांचा आवाज. आपण हात जोडतो आणि पुढे स्क्रोल करतो.

आता हेच गाणं एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ऐका. त्यात विठ्ठलाला चक्क वेडा म्हटलंय. शेवटी तर असा सवाल टाकलाय, की देवळात कोणी मोठ्याने विचारला तर चार लोक वळून बघतील. तरीही साठ वर्षं झाली, कोणाला राग आलेला नाही.

याचं कारण म्हणजे गाण्यात बोलणारा माणूस देवाशी भांडताना दिसतच नाही. मडकं कुंभाराशी बोलतंय, असं वाटत राहतं. सगळं गाणं एकाच रूपकावर चालतं. मराठीच्या पेपरात आपण अलंकार पाठ केले, त्यात याला सांगरूपक म्हणतात. म्हणजे फक्त 'देव कुंभार आहे' एवढं म्हणून थांबायचं नाही. कुंभार आला की चाक आलं, माती आली, मडकी आली, ती रचून ठेवणं आलं, फुटणं आलं. रूपकाचं प्रत्येक अंग गाण्यात कामाला लावायचं.

गाणं १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. दोघांचाही जन्म १९१९ चा. फडके मूळचे कोल्हापूरचे, तर माडगूळकर सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे. पण सिनेमातली त्यांची सुरुवात कोल्हापुरातच झाली, १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त त्यांनी छोटी भूमिका केली होती. (थोडक्यात, आपलं कोल्हापूर इथेही आहेच.)

आता गाणं उलगडून बघू.

पहिल्या अंतऱ्यात कुंभार कामाला लागतो. माती, पाणी, उजेड, वारा हे सगळं तो एकत्र करतो. कुंभाराच्या अंगणात उभं राहिलं तर यात वेगळं काहीच नाही. माती भिजवायला पाणी लागतं, मडकं सुकायला ऊन आणि वारा लागतो. पण मोजून बघा, पंचमहाभूतांपैकी चार झाली. पाचवं म्हणजे आकाश. माडगूळकर म्हणतात, या सगळ्यातून आभाळच आकार घेतं. मडक्यात आकाश कुठून आलं? तर मडकं म्हणजे नुसती माती नव्हे, आतली पोकळीही. वेदान्तात 'घटाकाश' हा जुनाच दाखला आहे, घटात कोंडलेलं आकाश म्हणजे देहातला जीव. ज्याला हे माहीत आहे त्याला ते सापडतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला गोल मडकं दिसतं. दोघांचंही गाणं अडत नाही.

त्याच अंतऱ्यात शेवटी उतरंड येते. मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी घराच्या कोपऱ्यात रचलेली मडक्यांची रास. या कुंभाराची उतरंड मात्र संपतच नाही. 'जगात अगणित माणसं आहेत' हे वाक्य किती कोरडं आहे, आणि उतरंड म्हटल्यावर कसं डोळ्यांपुढे उभं राहतं! शिवाय उतरंडीत वरचं आणि खालचं मडकं असतं, हेही न बोलता येऊन जातं.

दुसरा अंतरा मला सगळ्यात भारी वाटतो. घडून झालं, आता मडकी कामाला गेली. प्रत्येकाचं नशीब वेगळं. कुणाच्या तोंडी लोणी येतं, कुणाच्या तोंडी निखारा. इथे सगळा खेळ 'तोंड' या अर्थाच्या शब्दाचा आहे. मराठीत मडक्यालाही तोंड असतं आणि माणसालाही. लोणी ठेवायचं मडकं खरोखर असतं. आणि विस्तवाचं मडकं? अंत्ययात्रेत पुढे धरतात ते. म्हणजे एकाच चाकावर, एकाच मातीतून दोन मडकी उतरली, एक दुधातुपाच्या घरात गेलं आणि दुसरं स्मशानाच्या वाटेला लागलं. कवीने उपमा द्यायला बाहेरचं काही आणलेलं नाही. मडक्यांचं खरंच जे होतं तेच सांगितलं, आणि ते माणसांना लागू पडलं.

लांब रूपक टिकतंय की नाही हे ओळखायची खूण इथेच आहे. ओळ दोनदा वाचायची. एकदा फक्त मडक्याबद्दल, एकदा फक्त माणसाबद्दल. दोन्ही वेळा खरी वाटली तर रूपक जिवंत आहे. एकीकडेच खरी वाटली तर कवी ओढूनताणून नेतोय.

तिसऱ्या अंतऱ्यात गाणं तक्रारीवर येतं. हा कुंभार घडवतो आणि फोडतोही, गोंजारतो आणि मारतोही. यातलं गोंजारणं-मारणं कुंभाराच्या कामात खरंच आहे. ओलं मडकं मोठं करताना एक हात आत असतो, त्यात गोटा धरून भिंतीला आधार द्यायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटायचं. आतून आधार, बाहेरून मार. कबीराच्या नावावर असलेल्या एका दोह्यात गुरूचं वर्णन नेमकं असंच आहे, आणि तिथे त्याचा अर्थ सरळ आहे: मार बसतो तो घडवण्यासाठीच.

पण माडगूळकर त्या सोप्या उत्तरावर थांबत नाहीत. ते विचारतात, फोडून तुला मिळतं काय? कुंभार मडकं विकतो, त्यावर त्याचं घर चालतं. घडवलेलं स्वतःच फोडणारा कुंभार कोणी पाहिलाय का? असं करणाऱ्याला गल्लीत एकच नाव मिळेल. म्हणजे ध्रुवपदात लाडाने म्हटल्यासारखं वाटलेलं 'वेडा' इथे पुराव्यासकट परत येतं. आधी तो भक्ताचा लाड होता, आता तो आरोप आहे. शब्द तोच, चालही तीच.

वारकऱ्याच्या कानात यावेळी आणखी एक नाव वाजतं. तेरचे संत गोरा कुंभार. कथा सगळ्यांना माहीत आहे, विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पायाखाली त्यांचं स्वतःचं तान्हं मूल गेलं. विठ्ठल आणि कुंभार हे दोन शब्द जवळ आले की ही कथा मागून येतेच. कवीने तिचं नावही घेतलेलं नाही.

आणि मग शेवटची ओळ. देवाने डोळे दिले आणि त्यांच्यापुढे अंधार ठेवला, असं ती म्हणते. आता थांबा. मडक्याला तोंड असतं, गळा असतो, पोट असतं. डोळे नसतात. म्हणजे इथे रूपक सुटलं. वर सांगितलेली दोनदा वाचायची परीक्षा ही ओळ नापास होते.

काही जण याला दोष म्हणतील. मला तसं वाटत नाही. सगळं गाणं मडक्याच्या आडून बोललेला माणूस शेवटच्या क्षणी आड सोडून स्वतः समोर येतो, आणि म्हणून ती ओळ टोचते. पण हे परवडतं ते एकदाच आणि तेही शेवटी. पहिल्याच अंतऱ्यात मडक्याला डोळे फुटले असते, तर पुढची उतरंड कोसळली असती.

याच जोडीचं 'एक धागा सुखाचा' (चित्रपट 'जगाच्या पाठीवर', १९६०) ऐकलंत तर तिथेही अशी एक जागा सापडेल. आयुष्य म्हणजे विणलेलं वस्त्र. बाळाची अंगडी, तरुणपणाचे रंगीत कपडे, म्हातारपणाची विरलेली शाल, आणि शेवटी न दिसणारा विणकर. मधेच एकदा कपड्यासाठी केलेल्या नाटकाचा उल्लेख येतो, तीन प्रवेशांच्या. रंगभूमीचं दुसरंच रूपक डोकावतं. ते खपून जातं, कारण पुढच्याच अंतऱ्यात तीन वयांचे तीन कपडे येतात आणि ते तीन प्रवेश पुन्हा वस्त्रात विणले जातात.

उलट बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार'. याला आपण चुलीवरचं गाणं समजतो, पण तवा आणि भाकरी फक्त सुरुवातीला आहेत. पुढे हार येतो, देवळाचा कळस येतो, वेलावरची काकडी येते, बिब्बा येतो. हे एक रूपक नाही, रूपकांची माळ आहे. गाणं त्याने कमी होत नाही, फक्त त्याची बांधणी वेगळी आहे. एका रूपकावर गाणं लिहायला बसलेल्यांनी ते नमुना म्हणून घेऊ नये, इतकंच.

हल्ली रीलसाठी गाणी लिहिणारे बरेच जण 'आई म्हणजे झाड' असा मुखडा धरतात. सावली, फळं, मुळं एवढं पहिल्या अंतऱ्यातच संपतं. दुसऱ्यात आई दिवा होते, तिसऱ्यात समुद्र. असं होतं कारण लिहिणाऱ्याला झाडाबद्दल तीनच गोष्टी माहीत असतात.

त्यापेक्षा आपल्याकडचं गुऱ्हाळ घ्या. बापावर गाणं लिहायचंय असं समजू. ऊस चरकातून जातो, रस निघतो, चिपाड उरतं. आळशी कवी इथे थांबेल, बाप पिळून निघाला, झालं. पण गुऱ्हाळावर एक दिवस घालवलेल्याला पुढचं माहीत असतं. तेच चिपाड वाळवून चुलवाणात घालतात आणि त्याच जाळावर काहिलीतला रस आटतो. म्हणजे उसाचाच रस उसाच्याच चिपाडावर शिजतो. दुसरा अंतरा मिळाला, आणि तो बाहेरून आणावा लागला नाही. मग उकळत्या रसात भेंडीचा रस घालतात, मळी वर येते, ती काढत राहावी लागते. हे वाढत्या वयाच्या पोरांच्या बापाला सांगायची गरज नाही. पुढे गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. लवकर उतरवलं तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. तिसरा अंतरा.

पण याच रूपकात एक खोडा आहे. तोडलेल्या उसाला खोडवा फुटतो, त्याच बुडख्यातून नवीन पीक येतं. बाप गेल्यानंतरचं गाणं असेल तर या खोडव्याचं काय करायचं, हे मुखडा लिहायच्या आधी ठरवावं लागेल. त्याचा उल्लेख टाळला तर शेतकऱ्याच्या घरातला ऐकणारा लगेच विचारणार, आणि घेतला तर गाणं बापावरून सरकून पोरावर येणार.