आपलाच आवाज, पण उशिरा

हेडफोनमध्ये गाण्याचा ट्रॅक सुरू आहे, समोर यूएसबी माइक आहे, पंखा बंद केलाय, आणि पहिल्याच ओळीला लय सुटते. पुन्हा म्हणून पाहिलं तरी तेच. दोष गळ्याचा नसतो. कानात येणारा आपला आवाज तोंडातून निघालेल्या आवाजाच्या किंचित मागे असतो. गाणारा नकळत त्याच्यासाठी थांबतो आणि ट्रॅक पुढे निघून जातो.

हा उशीर कॉम्प्युटरमध्ये तयार होतो. यूएसबी माइकच्या आतच आवाजाचे आकडे होतात, साधारणपणे सेकंदाला 48,000 नमुने. कॉम्प्युटर हे नमुने एकेक करून उचलत नाही. ठरावीक संख्या साठली की गठ्ठ्याने घेतो. या साठवणीला बफर म्हणतात. बफर 512 नमुन्यांचा असेल, तर तो भरायला जवळजवळ 11 मिलिसेकंद लागतात. आवाज परत हेडफोनकडे पाठवताना तेवढाच दुसरा गठ्ठा लागतो, म्हणजे झाले 21. त्यात विंडोजची स्वतःची साठवण आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करण्याचा वेळ धरला, तर नीट लावलेल्या लॅपटॉपवरही 30 मिलिसेकंद सहज होतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. तेव्हा 30 मिलिसेकंद म्हणजे दहा मीटरांवर उभं राहून स्वतःला ऐकणं. ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅमची मूळ सेटिंग तशीच ठेवली, तर हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो.

दुसऱ्याचा आवाज एवढा उशिरा आला तर आपलं काही अडत नाही. स्वतःच्या आवाजाचं तसं नाही, कारण तो कवटीच्या हाडांमधून त्याच क्षणी आतल्या कानाला पोचलेला असतो. त्याचीच दुसरी प्रत पाच-दहा मिलिसेकंदांनी आली, तर प्रतिध्वनी असा ऐकू येत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळून आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा पोकळ होतो. उशीर आणखी वाढला की लय जाते, आणि 200 मिलिसेकंदांच्या आसपास चांगला बोलणारा माणूसही अडखळायला लागतो. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने 1950 मध्ये हे नोंदवलं होतं. याच परिणामावर दोन जपानी संशोधकांनी लांबलचक बोलणाऱ्यांना गप्प करणारं ‘स्पीचजॅमर’ नावाचं यंत्र बनवलं आणि 2012 चं इग नोबेल पटकावलं. आपल्याकडच्या काही सभांना ते उपयोगी पडलं असतं!

मग बफरच लहान का करू नये? करता येतो. 64 नमुन्यांचा बफर जेमतेम 1.3 मिलिसेकंदांत भरतो. पण मग कॉम्प्युटरला सेकंदाला 750 वेळा तो वेळेवर उचलावा लागतो. मधेच अँटिव्हायरस जागा झाला आणि एक फेरी चुकली, की कट्कन आवाज येतो, आणि तो रेकॉर्डिंगमध्येही उतरतो. साध्या लॅपटॉपवर या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

सोपा उपाय माइकच्या अंगावरच असतो: हेडफोनचं छिद्र. अशा माइकमध्ये आवाजाला दोन फाटे फुटतात. एक कॉम्प्युटरकडे जातो, दुसरा माइकच्या आतूनच थेट हेडफोनकडे. दुसऱ्या वाटेवर कॉम्प्युटर लागतच नाही, त्यामुळे उशीर कानाला कळण्याइतका उरत नाही. याला डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात. ब्लू येती, सॅमसन क्यू2यू, ऑडिओ-टेक्निका एटी2020यूएसबी+ यांच्यात ही सोय आहे. ब्लू स्नोबॉलला हेडफोनचं छिद्रच नाही. विकत घेताना आधी ते पाहावं.

छिद्र असूनही लोक फसतात ते जोडणीत. हेडफोन लॅपटॉपला न लावता माइकला लावायचा, आणि तोही वायरचा. ब्लूटूथचा स्वतःचाच उशीर मोठा असतो. मग कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेर जाण्याचं ठिकाण म्हणूनही माइकचंच नाव निवडायचं. हे राहिलं तर स्वतःचा आवाज येतो, पण ट्रॅक लॅपटॉपच्या स्पीकरमधून वाजत राहतो आणि माइकमध्येही शिरतो. काही माइकवर आपला आवाज आणि ट्रॅक यांचं प्रमाण ठरवणारं बटण असतं. ते पूर्ण कॉम्प्युटरच्या बाजूला फिरवलेलं असेल, तर आपण ऐकूच येत नाही.

आता सगळे प्रोग्रॅम बंद करून माइकच्या जाळीवर नखाने एकदा टकटक करा. ती ऐकू आली तर थेट वाट चालू आहे. मग रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडून पुन्हा टकटक करा. प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत असेल, तर दुसरा कॉम्प्युटरमधून फिरून येतोय. ऑडॅसिटीच्या अनेक आवृत्त्यांत ही वाट Software Playthrough या नावाने असते, विंडोजमध्ये माइकच्या Listen या पानावर Listen to this device म्हणून. दोन्हींवरची खूण काढून टाकायची.

या सोयीची एक गोम मात्र आहे. कानात येतोय तो माइकमधला आवाज, फाइलमध्ये जातोय तो नव्हे. प्रोग्रॅममध्ये चुकून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडलेला असेल, तर तासभर कानात सुंदर आवाज येतो आणि फाइलमध्ये खोलीभर घुमणारं काहीतरी सापडतं. म्हणून जाळीवर नख मारताना पडद्यावरची रेघ त्याच क्षणी उंच उसळते का, ते बघायचं. हेडफोनचा आवाज आणि माइकचा गेन यांचाही असाच गोंधळ होतो. येतीवर हेडफोनचं बटण पुढे आणि गेनचं मागे आहे. पुढचं वाढवून कानाला बरं वाटतं, फाइल तेवढीच क्षीण राहते.

गाणाऱ्यांची तक्रार वेगळी: थेट आवाज कोरडा असतो, घुमारा नसतो. रीपरसारख्या प्रोग्रॅममध्ये त्यावर युक्ती करता येते. आपल्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू करायचं, त्यावर रिव्हर्ब लावायचा आणि रिव्हर्बमधला मूळ कोरडा आवाज शून्यावर आणायचा. कोरडा आवाज माइकमधून थेट येतो, घुमारा तेवढा कॉम्प्युटरमधून. तो 30 मिलिसेकंद उशिरा आला तरी खटकत नाही, कारण मोठ्या सभागृहातही तो मागाहूनच येतो.

कानाचा प्रश्न सुटला तरी फाइलचा उरतो, कारण रेकॉर्ड होणारा आवाज अजून कॉम्प्युटरच्याच वाटेने जातो. तुम्ही लयीत गायलात तरी पडद्यावर तो ट्रॅकच्या मागे पडू शकतो. प्रोग्रॅम अंदाजाने त्याला पुढे सरकवतात; ऑडॅसिटीत Latency compensation या जागी मुळात -130 मिलिसेकंद असतात. तुमच्या मशीनचा आकडा काढायचा तर तालाचा ट्रॅक तयार करा, हेडफोनची वाटी माइकला चिकटवा, थेट मॉनिटरिंग बंद करा आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही ट्रॅक मोठे करून एकाच ठोक्याची सुरुवात जुळवून पाहा. खालचा ठोका 40 मिलिसेकंद मागे असेल, तर -130 च्या जागी -170 लिहायचं. पुढे असेल, तर -90. बफर किंवा हेडफोनची जोडणी बदलली की हे मोजमाप पुन्हा करावं लागतं.