स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला झोपेची गोळी देण्यापूर्वी...

जळगाव, प्रतिनिधी

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा रात्री दोनला उठतात, कडी काढून शेताकडे निघतात. दोन-चार रात्रींत घर थकते आणि डॉक्टरांकडे 'झोपेचे काहीतरी' मागितले जाते. खान्देशात उन्हाळ्यात घर गच्चीवर झोपते. तेथे गोळीच्या गुंगीत उठलेल्या वृद्धाचा तोल गेला, तर काय होईल हे सांगायला नको.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो, पडण्याची व खुब्याचे हाड मोडण्याची शक्यताही वाढते. क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही मुळात मनोविकारांवरील औषधे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ साली स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांबाबत त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सुमारे दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या शंभरांपैकी चार-पाच जण दगावले. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण दोन-तीन होते. बहुतेक मृत्यू हृदयविकाराने वा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झाले. २००८ साली हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही हाच इशारा लागू झाला.

मग आधी काय करावे? जागरण अचानक सुरू झाले असेल, तर तो स्मृतिभ्रंशच वाढला असे गृहीत धरू नये. लघवीतील जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, गुडघेदुखी यांपैकी काही आहे का, हे प्रथम तपासावे. रुग्णाला ते सांगता येत नाही. तो फक्त उठतो.

वरच्याच आजोबांचे उदाहरण घेऊ. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी त्यांना सायंकाळी दिली जाते, दुपारी ते तीन तास झोपतात आणि रात्री नवाला पुन्हा चहा घेतात. डॉक्टरांना विचारून ती गोळी सकाळी आणावी, दुपारची झोप अर्ध्या तासावर, चहा चारपर्यंत. सकाळी ओट्यावर उन्हात बसवावे, अंगणात चालवावे. पाणी मात्र तोडू नये, विशेषतः जळगावच्या उन्हाळ्यात. ते दिवसा अधिक द्यावे. मोरीकडे जाणारा दिवा रात्रभर जळत ठेवावा. डोनेपेझिल रात्री दिले जात असेल, तर तेही सकाळी देता येईल का, हे विचारावे. त्याने काहींना भयंकर स्वप्ने पडतात. सर्दीच्या काही गोळ्याही वृद्धांना भ्रमात टाकतात. किती वाजता उठले, लघवी झाली का, एवढे आठवडाभर वहीत टिपले तरी कारण बहुधा हाती लागते.

एवढे करूनही रुग्ण मारहाण करत असेल वा भासांनी घाबरून जात असेल, तर औषध टाळता येत नाही. मात्र ते कमीत कमी मात्रेत, किती आठवड्यांसाठी हे आधी ठरवूनच घ्यावे. लेवी बॉडी प्रकारात ही औषधे विशेष घातक ठरतात. निदान कोणत्या प्रकाराचे, हे विचारून घ्यावे. दिवसभर पेंग, हातपाय आखडणे, जेवताना खोकला दिसला, की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. जुनी चालू गोळी मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. ती हळूहळूच उतरवावी लागते.