ओट्याची उंची कोपरावरून

स्वयंपाकाच्या ओट्याची उंची बहुतेक घरांत गवंडीच ठरवतो. 32 ते 34 इंच हे त्याचे नेहमीचे माप असते आणि संपूर्ण ओटा त्याच पातळीत बांधून होतो. पण ओट्यावरची सगळी कामे एका उंचीची नसतात. भाजी चिरताना हात जिथे असतो तिथे तो कणीक मळताना नसतो, आणि भांडी घासताना तर आणखी खाली जातो. त्यामुळे माप घ्यायचे ते काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराचे. घरात ज्या चपला घालून वावर असतो त्या घालून ताठ उभे राहावे, खांदे सैल सोडावेत, कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. 5 फूट 1 इंच उंचीच्या स्त्रीचे हे माप साधारण 38 इंच भरते.

चिरणे, निवडणे, सोलणे ही हलकी कामे कोपराच्या 4 ते 6 इंच खाली सोयीची पडतात. या स्त्रीसाठी ती जागा 32 ते 34 इंचांवर येते. कणीक मळणे हे मात्र जोराचे काम आहे. ओटा उंच असेल तर सारा जोर मनगटावर आणि खांद्यावर येतो. तो थोडा खाली असेल तर हात जवळजवळ सरळ ठेवून अंगाचा भार परातीवर टाकता येतो. म्हणून मळण्याची जागा कोपराखाली 8 इंच, म्हणजे इथे 30 इंचांवर हवी. भाकरी थापायलाही हीच उंची बरी. पोळपाटाची स्वतःची उंची दीड-दोन इंच असल्याने लाटतानाही ती फार खाली वाटत नाही.

खरी अडचण शेगडीची असते. ओट्यावर ठेवायची शेगडी जाळीसकट चार-साडेचार इंच उंच असते. 33 इंचांच्या ओट्यावर ती ठेवली की जाळी 37 इंचांच्या वर जाते आणि त्यावरच्या कुकरचे तोंड 44 इंचांच्या आसपास येते. आत ढवळायचे तर खांदा उचलूनच ढवळावे लागते, आणि पातेल्याच्या तळाशी काय लागले आहे हे पाहायला टाचा उंचवाव्या लागतात. संध्याकाळी मान आणि खांदे भरून येत असतील तर ओटा, निदान शेगडीची जागा, उंच झालेली असते. कंबर धरत असेल तर काहीतरी फार खाली गेलेले असते, आणि बहुधा ते सिंक असते.

सिंकमध्ये काम ओट्याच्या पातळीवर होत नाही, भांड्याच्या आत होते. 33 इंचांच्या ओट्यात 9 इंच खोल सिंक बसवले की तळ 24 इंचांवर जातो. तिथपर्यंत हात पोचवायला दिवसातून अनेकदा वाकावे लागते. सिंक घेताना लोक खोली जास्त म्हणजे चांगले समजतात. पण रोज हाताने भांडी घासणाऱ्या घरात 7 इंच खोली पुरते. पाणी उडेल ही भीती रास्त आहे, मात्र त्यावर नळाची तोटी खाली आणणे आणि तोटीला जाळी लावणे हा उपाय कंबर वाकवण्यापेक्षा सोपा आहे.

या सगळ्याचा मेळ घालायला ओट्याला एकच पायरी पुरते. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीसाठी सिंक आणि चिरण्याचा भाग 34 इंचांवर, तर पोळ्यांचा आणि शेगडीचा भाग 30 इंचांवर ठेवावा. मग शेगडीची जाळी वरच्या भागाच्या जवळपास पातळीत येते आणि जड पातेले उतरवताना ते फारसे उचलावे लागत नाही. तोटे दोन. पायरीच्या कोपऱ्यात पीठ अडकते, म्हणून तिथला सांधा नीट भरून घ्यावा लागतो आणि ग्रॅनाइटची कड गोल करावी लागते. शिवाय ओट्याची जाडी वजा जाता खालच्या भागात गॅसचा सिलिंडर जेमतेम मावतो, तेव्हा तो उंच भागाखाली ठेवण्याची सोय आधीच पाहावी.

घरात स्वयंपाक करणाऱ्या दोघींच्या उंचीत चार-पाच इंचांचा फरक असेल तर चिरण्याची आणि शेगडीची जागा बुटकीच्या मापाने घ्यावी, कारण दुसरीला जाड पाट खाली ठेवून उंची वाढवता येते; उंच ओटा कमी मात्र करता येत नाही. सिंक उंच व्यक्तीच्या मापाकडे झुकले तरी चालते, कारण तिथे हात कडेच्या खालीच जातात.

ओट्याची रुंदी 24 इंच पुरते. कोपरापासून मुठीपर्यंतचा हात जेमतेम 14-15 इंच असतो, आणि रोजचे काम तेवढ्यातच होते. मागच्या 8-10 इंचांत मिक्सर आणि डबे राहतात. ओटा 30 इंच केला तर भिंतीकडची पट्टी हाताच्या टप्प्याबाहेर जाते आणि फोडणीचे डाग पुसायला ओट्यावर झुकावे लागते. रुंदीइतकेच महत्त्व पायांच्या जागेला आहे. ट्रॉल्यांच्या तळाशी 4 इंच उंच आणि 3 इंच आत गेलेली मोकळी पट्टी नसेल तर पावले पुढे जात नाहीत, माणूस ओट्यापासून दूर उभा राहतो आणि योग्य उंचीच्या ओट्यावरही वाकतो.

सिंक पुढच्या कडेपासून अडीच इंचांवर असावे. 16 इंचांचे सिंक 24 इंचांच्या ओट्यात मधोमध बसवले तर पुढे 4 इंच जातात आणि वाकणे तेवढे वाढते. मात्र 2 इंचांहून कमी ठेवले तर ग्रॅनाइटची पट्टी तुटण्याची भीती असते. आता 10 फुटी सरळ ओटा घेऊ. डाव्या भिंतीपासून 15 इंच घासलेली भांडी ठेवायला, मग 24 इंच सिंक, 24 इंच चिरायला, तिथे पायरी, पुढे 20 इंच परात-पोळपाटाला, 28 इंच शेगडीला आणि उरलेले 9 इंच उजव्या भिंतीकडे, म्हणजे कढईचा कान भिंतीला लागत नाही. उजवा माणूस भांडे डाव्या हातात धरून घासतो, म्हणून धुतलेल्याची जागा डावीकडे. सिंक आणि शेगडी यांच्यात साडेतीन फूट अंतर पडते, त्यामुळे नळाचे शिंतोडे तापलेल्या तेलात जात नाहीत. सिंक भिंतीला चिकटवले तर घासताना कोपर भिंतीवर आपटत राहते.

बांधायच्या आधी दोन विटांच्या थप्प्यांवर फळी टाकून त्या उंचीवर खरोखर कणीक मळून पाहावी. हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि कागदावरच्या मापांपेक्षा जास्त सांगते. मग गवंड्याला आकडा देताना तो कुठून मोजायचा हेही सांगावे. फरशी बसायच्या आधी स्लॅबपासून 34 इंच मोजले, की फरशी आणि तिच्या खालचा माल मिळून दोन-अडीच इंच खाऊन टाकतात आणि हाती 32 इंचांपेक्षाही कमी उरते. म्हणून पाण्याच्या नळीने लेव्हल काढून तयार फरशीपासून बरोबर 3 फुटांवर चारही भिंतींवर रेघ मारावी आणि ओट्याची मापे त्या रेघेवरून खाली घ्यावीत. खालच्या कडप्प्याची, मधल्या मालाची आणि ग्रॅनाइटची जाडी मिळून साधारण तीन-सव्वातीन इंच होते. 34 इंचांच्या भागासाठी कडप्पा टेकवायच्या भिंती 31 इंचांच्या किंचित खालीच थांबाव्या लागतात. त्यावर कडप्पा चढण्याआधी फूटपट्टी लावून पाहावी, कारण नंतर चूक दुरुस्त करायची तर ओटा फोडावाच लागतो.