दोन हजार विकायची, मग अठ्ठावीसशे का बनवायची?

चकलीची भाजणी अर्धा किलोच्या पाकिटात विकणारा एक लघुउद्योग घेऊ. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. विक्रीचा अंदाज सप्टेंबरला 2000, ऑक्टोबरला 6000 आणि नोव्हेंबरला 1500 पाकिटे असा आहे.

जितके विकायचे तितके बनवायचे, हा पहिला गैरसमज. उत्पादन ठरते ते विक्रीत महिनाअखेरची हवी असलेली शिल्लक मिळवून आणि आरंभीची शिल्लक वजा करून. घोटाळा बहुधा अखेरच्या शिलकीत होतो. चालू महिन्याच्या विक्रीवरून ती काढली जाते, पण हा माल पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसांत विकायचा असतो, म्हणून टक्केवारी पुढच्या महिन्याची लावायची.

पुढच्या विक्रीच्या 20 टक्के माल हाताशी ठेवायचा ठरवला, तर सप्टेंबरअखेर 1200 पाकिटे हवीत. सुरुवातीला 400 आहेत. म्हणजे 2000 अधिक 1200 वजा 400, एकूण 2800 बनवायची. ऑक्टोबरअखेर मात्र 300च पुरतात, म्हणून त्या महिन्यात 6000 अधिक 300 वजा 1200, म्हणजे 5100 पाकिटे होतात. तिथे डोळे मिटून 6000 बनवली, तर दिवाळी सरल्यावर 1200 पाकिटे पडून राहतील, आणि जुन्या भाजणीला वास येतो.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो: विक्रीच्या आकड्यावरून तांदूळ मागवणे. तांदूळ गिरणीत जातो तो बनवायच्या पाकिटांसाठी, म्हणून खरेदीचा हिशेब उत्पादनावरून सुरू होतो. पाकिटात 270 ग्रॅम तांदूळ उतरतो. निवडणे, धुणे, भाजणे, दळणे यांत 10 टक्के घट धरली, तर घ्यावे लागतात 300 ग्रॅम. (270 वर 10 टक्के चढवून 297 धरणे चूक, कारण घट मूळ वजनावर होते.)

सप्टेंबरला 2800 पाकिटांना 840 किलो लागतील. कच्च्या मालाचीही शिल्लक हवीच. ऑक्टोबरच्या 1530 किलोंच्या गरजेचे 10 टक्के म्हणजे 153 किलो अखेरीस हवेत आणि हाताशी 84 आहेत. खरेदी झाली 909 किलो. विक्रीवरून मोजले असते, तर 600 किलोच मागवले असते. हाताशी असलेल्यासह त्यात 2280 पाकिटेच होतात आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर कोठीत तांदळाचा दाणा उरत नाही.

आरंभीची शिल्लक म्हणजे गेल्या महिन्याचे ठरवलेले उद्दिष्ट, असेही अनेक जण गृहीत धरतात. ऑगस्टअखेर मोजून 700 पाकिटे निघाली, तर हिशेबात 700च घ्यावीत. मग सप्टेंबरचे उत्पादन 2500 वर येते आणि तांदळाची खरेदी 819 किलोंवर. आधी हे किलोंचे आकडे पक्के करावेत, भावाने गुणणे त्यानंतर.