१,४०० किलोवॉटची यादी, ७४० केव्हीएची इमारत

पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या रस्त्यांवर दिसतात तशा एखाद्या सात मजली व्यापारी इमारतीचा नमुना घेऊ. खाली दुकानं आणि दोन रेस्टॉरंट, वर कचेऱ्या, तळघरात पार्किंग. नकाशे मंजूर झाले की इलेक्ट्रिकल कन्सल्टंट विजेवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी करतो. एसी ६०० किलोवॉट, दिवे १५०, कॉम्प्युटर आणि प्लग ३००, लिफ्ट आणि पंप १५०, दुकानं आणि रेस्टॉरंट २००. बेरीज १,४०० किलोवॉट. पॉवर फॅक्टर ०.९५ धरला तर हे साधारण १,४७५ केव्हीए होतात आणि बाजारात त्याच्या वरचा तयार ट्रान्सफॉर्मर १,६०० केव्हीएचा मिळतो. पुष्कळ बिल्डर इथेच थांबतात. उद्या कमी पडायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

पण ही बेरीज म्हणजे कनेक्टेड लोड, आणि तेवढी वीज ती इमारत कधीच एका वेळी ओढत नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॉट छापलेले असतात, बॅटरी भरलेली असताना तो त्याच्या निम्मेही घेत नाही. एसीचा कॉम्प्रेसर खोली गार झाली की थांबतो किंवा मंद होतो. म्हणून प्रत्येक गटाला त्याचा डिमांड फॅक्टर लावतात. इथे एसीला ०.७, दिव्यांना ०.८५, प्लगना ०.४, लिफ्ट-पंपांना ०.४ आणि दुकानांना ०.६ लावला, तर १,४०० चे सुमारे ८५० किलोवॉट उरतात.

ही अर्धीच गोष्ट झाली. प्रत्येक गटाचा जोर वेगवेगळ्या वेळी असतो. लिफ्टपुढे रांग लागते ती सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सुटताना, एसी शिगेला पोचतात एप्रिलच्या दुपारी तीन-चारला, रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर पेटतं दुपारी एकला आणि मग थेट रात्री. यालाच डायव्हर्सिटी म्हणतात. गटागटांच्या कमाल मागण्यांची बेरीज भागिले सगळ्यांची मिळून प्रत्यक्षातली कमाल मागणी, असं तिचं गणित. ती १.२ धरली तर ८५० चे जेमतेम ७०० किलोवॉट, म्हणजे ७४० केव्हीए होतात. (काही याद्यांत फायर पंपही एसीच्या शेजारी बेरजेत बसलेला सापडतो. आग लागल्यावर एसी बंद करायचे असतात, हे यादी करणाऱ्याच्या ध्यानातच आलेलं नसतं.) ७४० केव्हीएला १,००० चा ट्रान्सफॉर्मर पुरतो, वर पाव हिस्सा जागाही राहते.

मग १,६०० चा बसवला तर बिघडलं कुठे? पहिलं उत्तर तयार असतं : मोठा ट्रान्सफॉर्मर जास्त वीज खातो. ते तपासून पाहण्यासारखं आहे.

ट्रान्सफॉर्मर दोन प्रकारे वीज खातो. लोखंडी कोअरमध्ये चुंबकत्व दर सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत राहतं, त्यात जाते ती नो-लोड लॉस. इमारत कुलूपबंद असली तरी हा खर्च वर्षाचे ८,७६० तास चालूच. दुसरी लोड लॉस. वायंडिंगमधून करंट वाहतो त्यातून ती होते आणि करंटच्या वर्गाने वाढते. भार निम्मा झाला की ती चौथ्या हिश्शावर येते.

तेलाच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आयएस ११८० हे भारतीय मानक आहे. त्यात दोन्ही लॉस मिळून कमाल मर्यादा दिलेली असते, एक ५० टक्के भाराला आणि एक १०० टक्के भाराला. २०१४ च्या आवृत्तीतल्या दुसऱ्या पातळीला १,००० केव्हीएसाठी हे आकडे २,७९० आणि ७,७०० वॉट आहेत. निम्म्या भारावर लोड लॉस पावपट होते, हे ठाऊक असलं की दोन्ही वेगळ्या काढता येतात : नो-लोड सुमारे १,१५० वॉट, पूर्ण भाराची लोड लॉस सुमारे ६,५५० वॉट. १,६०० केव्हीएला त्याच हिशेबाने १,६७० आणि १०,१३० वॉट येतात.

आता इमारतीचं वर्ष धरू. कामाचे ३०० दिवस. दहा तास सरासरी ६०० केव्हीए, सकाळ-संध्याकाळचे मिळून चार तास २५०, रात्रीचे दहा तास ६०. सुट्टीच्या ६५ दिवशी दिवसभर १००. वर्षाची सरासरी मागणी २७८ केव्हीए पडते आणि ७४० च्या कमाल मागणीशी तिचं प्रमाण, म्हणजे लोड फॅक्टर, ३८ टक्के येतो. या चालीवर १,००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर वर्षाला सुमारे १७,८०० युनिट गमावतो आणि १,६०० चा १९,३००. फरक अवघा दीड हजार युनिटचा. मोठ्याचा कोअर जास्त खातो, पण त्याच करंटला त्याचं वायंडिंग कमी तापतं, त्यामुळे बरीचशी भरपाई होते. इमारत निम्मीच भाड्याने गेली असेल, तर मात्र फरक पावणेचार हजार युनिटवर जातो. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाचे ४५ हजार.

आणि हीच इमारत रात्रंदिवस चालणाऱ्या कॉल सेंटरने घेतली तर? कमाल मागणी तीच ७४०, पण चोवीस तास ६०० केव्हीएच्या आसपास भार. लोड फॅक्टर ८१ टक्के. आता लहान ट्रान्सफॉर्मर सुमारे ३०,७०० युनिट गमावतो आणि मोठा २७,१००. निकाल उलटला. कमाल मागणीवरून कळतं ते किमान किती मोठा हवा एवढंच. त्याहून मोठा घेतलेला विजेच्या हिशेबात परवडतो का, हे लोड फॅक्टर ठरवतो. कन्सल्टंटच्या अहवालात मात्र पहिला आकडा ठळक असतो आणि दुसरा बहुधा नसतोच.

कचेऱ्यांच्या इमारतीला १,६०० चा खरा भुर्दंड बसतो तो पॅनेलमध्ये. ४३३ व्होल्टला १,००० केव्हीएचा पूर्ण भाराचा करंट १,३३३ अँपिअर असतो. इम्पिडन्स ५ टक्के असेल तर शॉर्टसर्किटचा करंट २७ हजार अँपिअरच्या आत राहतो. १,६०० केव्हीएला इम्पिडन्स सव्वासहा टक्के धरूनही तो ३४ हजारांवर जातो. ३६ हजारांचे ब्रेकर मग काठावर येतात आणि कन्सल्टंट मुख्य पॅनेल ५० हजारांचं मागतो. ब्रेकर, बसबार, केबल, सगळंच एक पायरी वर सरकतं.

उलट्या बाजूची चूकही घडते. मजल्यामजल्याच्या पॅनेलला डायव्हर्सिटी लावून झालेली असते आणि मुख्य पॅनेलच्या तक्त्यात दुसरं कोणी ती पुन्हा लावतं. कागदावर ७४० चे ६०० होतात, ६३० चा ट्रान्सफॉर्मर येतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात तेलाच्या तापमानाचा काटा दुपारी अलार्मच्या खुणेशी जाऊन बसतो. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरनाही जुना फॅक्टर लावून चालत नाही. तळघरात ७.४ किलोवॉटचे वीस चार्जर म्हणजे १४८ किलोवॉट, आणि सकाळी दहाला कचेरीत पोचलेले लोक ते जवळपास एकदमच लावतात. तिथे एकतर फॅक्टर एकच्या जवळ धरावा लागतो, नाहीतर चार्जर आळीपाळीने चालवणारी यंत्रणा बसवावी लागते.

फॅक्टर पुस्तकातून उचलण्यापेक्षा चांगली वाट उपलब्ध आहे. उच्चदाबाच्या ग्राहकाच्या मीटरमध्ये पंधरा मिनिटं किंवा अर्ध्या तासाच्या अंतराने मागणीची नोंद साठत असते. त्याच बिल्डरच्या तीन-चार वर्षं चाललेल्या तशाच इमारतीची एप्रिल-मेची नोंद काढली, चटईक्षेत्राने भागली, की नव्या इमारतीची कमाल मागणी आणि लोड फॅक्टर दोन्ही हाताशी येतात. तो आकडा यादीच्या निम्म्यावर आला तर दचकायचं कारण नाही. अशा वेळी १,००० केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर बसवून आवारात दुसऱ्याचा चौथरा बांधून ठेवावा आणि केबलसाठी पाइप आत्ताच टाकून घ्यावेत.