दूध बाधतं, मग दही का चालतं?

वालावलच्या एका मैत्रिणीने विचारलं, "दुधाने पोट फुगतं, दह्याने नाही. विरजणात साखर संपते काय रे?"

नाही, संपत नाही. २०० मिली गाईच्या दुधात साधारण ९-१० ग्रॅम लॅक्टोज असतं. दही लागताना जिवाणू त्यातला ढोबळमानाने पाव हिस्सा खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. बाकीचं दह्यातच राहतं. म्हणजे दही आंबट झालं तरी साखर गेली असं नाही.

खरी गंमत पोटात होते. दह्याच्या जिवाणूंकडे लॅक्टोज तोडणारं एन्झाइम असतं. त्यांच्याबरोबर ते लहान आतड्यात पोचतं आणि आपल्या शरीरात कमी पडलेलं काम तिथे करतं. शिवाय घट्ट दही दुधापेक्षा हळू पुढे सरकतं, त्यामुळे त्याला वेळही मिळतो.

पण दही उकळलं, की एन्झाइम निकामी. म्हणून ताजं ताक सोसणाऱ्याला ताकाची कढी बाधू शकते. (सोलकढीत दूध नारळाचं, तिथे लॅक्टोजच नाही.)

अर्धी वाटी जेवणासोबत खाऊन बघा. गॅस, जुलाब झाले तर तेवढंही जास्त. आणि दुधाने अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर ही अ‍ॅलर्जी असू शकते. ती प्रथिनांची असते आणि प्रथिनं दह्यातही आहेत. तेव्हा असा प्रयोग करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.